6204 मागितलं तर 6205 नको

विहिरीवरची मोटर गुरगुरायला लागली की वाइंडिंगवाला ती उघडतो, पुलर लावून आतलं बेअरिंग ओढून काढतो, चिंधीने पुसतो आणि त्याच्या कडेवरचा आकडा वाचतो. लहान मोटरींत पुष्कळदा तो 6204 ZZ असतो, नाहीतर त्याच्या आसपासचा. पूर्वी हा आकडा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून कोणाला तरी तालुक्याला पिटाळलं जायचं. आता तोच आकडा मोबाईलवर, सुट्या भागांच्या एखाद्या मोठ्या संकेतस्थळाच्या सर्च बॉक्समध्ये टाइप होतो. त्या बॉक्सच्या मागे लाख-दोन लाख वस्तू असतात: बेअरिंग, ऑइल सील, पट्टे, बुश, ब्रेक शू, इंपेलर. त्यांतली नेमकी एक हवी असते. तिच्या शेजारची वस्तू दिसायला अगदी तशीच असली तरी मोटरीत बसत नाही.

कपड्यांच्या किंवा पुस्तकांच्या दुकानातला सर्च आणि सुट्या भागांच्या दुकानातला सर्च यांत खरा फरक इथे आहे. निळा कुर्ता शोधताना आकाशी कुर्ता समोर आला तर माणूस तोही पाहतो, कदाचित घेतोही. 6204 शोधणाऱ्यापुढे 6205 आलं, त्याने घाईत ते मागवलं आणि चार दिवसांनी पार्सल उघडून शाफ्टवर चढवायला घेतलं, तर ते सैल फिरतं. तोपर्यंत उसाला पाणी नाही. म्हणून अशा दुकानाचा सर्च रचताना शब्दांच्या बाबतीत उदार आणि आकड्यांच्या बाबतीत कडक राहावं लागतं. बाजारात मिळणारी तयार सर्चची साधनं मुळात शब्दांसाठी घडलेली असल्यामुळे ती दोन्हींना एकाच मापाने वागवतात. बहुतेक गोंधळ तिथून सुरू होतो.

आधी या आकड्यातच काय दडलंय ते पाहू. 6204 मधला 6 म्हणजे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, अर्थात खोल खाचेत गोळ्या फिरणारा नेहमीचा प्रकार. पुढचा 2 ही मालिका, म्हणजे त्याच भोकाला बाहेरचा व्यास आणि जाडी किती ते ठरवणारा अंक. शेवटच्या 04 ला पाचाने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, 20 मिलिमीटर. हा पाचाचा नियम 04 पासून पुढे चालतो. 00, 01, 02 आणि 03 यांची भोकं अनुक्रमे 10, 12, 15 आणि 17 मिलिमीटरची असतात. 6204 चं पूर्ण माप आहे 20 × 47 × 14: भोक, बाहेरचा व्यास, जाडी. 6205 चं माप 25 × 52 × 15 आणि 6304 चं 20 × 52 × 15. आकड्यात एकेका अंकाचा फरक, पण शाफ्ट वेगळा किंवा घर वेगळं.

आकड्यानंतरची अक्षरंही शोभेची नसतात. ZZ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, 2RS म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. C3 म्हणजे गोळ्या आणि कड्या यांच्यात नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक. विजेच्या मोटरीत आतली कडी तापून फुगते, म्हणून तिथे C3 पुष्कळदा मुद्दाम वापरतात. ते पाहणाऱ्याच्या डोळ्याला कळत नाही, आणि सर्चने C3 हे दोन अक्षरांचं किरकोळ शेपूट समजून गाळलं तर शोधणाऱ्यालाही कळत नाही. मोटर गरम होऊ लागते तेव्हाच ते उघड होतं.

सर्च मुळात चालतो कसा, तर पुस्तकाच्या शेवटी असलेल्या सूचीसारखा. कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे याची यादी आधीच करून ठेवलेली असते, आणि प्रश्न आला की सगळं पुस्तक न चाळता ती यादीच उघडायची. डग कटिंग यांनी 1999 मध्ये लिहायला घेतलेला ल्युसीन हा मुक्त प्रोग्रॅम हेच काम करतो. इलॅस्टिकसर्च आणि सोलर ही आज सर्रास वापरली जाणारी साधनं त्याच्यावरच उभी आहेत. यादीत शब्द टाकण्याआधी मजकुराचे तुकडे करावे लागतात, आणि सुट्या भागांच्या नावांची पहिली फजिती या तुकडे करण्यातच होते.

पुरवठादारांच्या तक्त्यांत एकच बेअरिंग 6204-2RS/C3, 6204 2rs c3, BRG.62042RSC3 अशा तऱ्हांनी लिहिलेलं असतं. ग्राहक टाइप करतो ते आणखी वेगळं, आणि मराठी कीबोर्ड चालू असेल तर ६२०४. संगणकाच्या लेखी देवनागरी ६ आणि रोमन 6 ही दोन संपूर्ण वेगळी चिन्हं आहेत. त्यामुळे वस्तूंची यादी करताना आणि प्रश्न वाचताना, दोन्ही वेळी तोच नियम लावून आकडा एका साच्यात आणावा लागतो. अंक रोमन, अक्षरं मोठी, मधली रेघ, तिरकी रेघ आणि मोकळी जागा काढलेली:

```
6204-2RS/C3   →  62042RSC3
6204 2rs c3   →  62042RSC3
६२०४ २RS C3   →  62042RSC3
```

हा चिकटवलेला साचा एका रकान्यात ठेवायचा आणि त्याच्या शेजारी सुटा साचाही ठेवायचा: 6204, 2RS, C3 असे तीन तुकडे. दोन्ही का लागतात? कोणी फक्त 6204 C3 टाइप केलं तर चिकटवलेल्या साच्यात ते सापडणार नाही, कारण मध्ये 2RS आहे. सुट्या तुकड्यांत सापडेल. मात्र तुकडे करण्याचं काम यंत्राच्या मर्जीवर सोडता येत नाही. अक्षर आणि अंक जिथे भेटतात तिथे तोडायचं, अशी एक तयार सोय या साधनांत असते. ती UCP204 चे UCP आणि 204 असे उपयोगी तुकडे करते, पण त्याच झपाट्यात C3 चे C आणि 3 करून टाकते. मग नुसता 3 कुठेही असलेली प्रत्येक वस्तू उत्तरात घुसते. ZZ, 2RS, C3 अशा ठरलेल्या खुणांची एक छोटी यादी करून त्या तोडू नयेत असं बजावावं लागतं. बेअरिंगच्या जाणकाराबरोबर एक दुपार बसलं की ही यादी होते. मी पाहिलेल्या कामांत ही दुपार वाचवण्याच्या नादात पुढे बराच काळ वाया गेलेला आहे.

आता चुकीच्या टायपिंगकडे वळू. माणसं बेअरिंग हा शब्द bering, बेरिंग, बिअरिंग असा कसाही लिहितात आणि सर्चने त्यांना समजून घ्यायला हवं. त्यासाठी दोन शब्दांमधलं अंतर मोजतात. किती अक्षरं बदलली, वाढवली किंवा गाळली की एका शब्दाचा दुसरा होतो, हे ते अंतर. रशियन गणिती व्लादिमिर लेव्हनश्टाइन यांनी 1965 मध्ये मांडलेली ही कल्पना आजही सर्वत्र वापरात आहे. इलॅस्टिकसर्चमध्ये या मोजमापाची एक 'आपोआप' सेटिंग आहे. दोन अक्षरांपर्यंतचा शब्द तंतोतंत जुळायला हवा, तीन ते पाच अक्षरांच्या शब्दात एक चूक माफ, त्याहून लांब शब्दात दोन. बेअरिंग या शब्दासाठी ही सवलत छान आहे. 6204 हा मात्र चार चिन्हांचा 'शब्द' आहे, म्हणजे एक चूक माफ. मग यंत्राच्या दृष्टीने 6205, 6203, 6304, 6214 हे सगळे 6204 च्याच चुकीच्या टायपिंगचे नमुने ठरतात. 6204ZZ असं सलग लिहिलं तर चिन्हं सहा होतात, दोन चुका माफ होतात आणि 6305ZZ सुद्धा रांगेत येऊन बसतं. त्याचं भोक 25 आणि बाहेरचा व्यास 62.

यावर उपाय असा की शब्द कोणता आणि आकडा कोणता हे सर्चने आधी ओळखावं. प्रश्नाच्या प्रत्येक तुकड्याकडे पाहून त्यात अंक आहे का हे तपासणं अगदी सोपं आहे. अंक असेल तर चुकीची माफी बंद, फक्त तंतोतंत जुळणी किंवा सुरुवातीपासूनची जुळणी. अंक नसेल तर माफी चालू. एवढ्या एका नियमाने शेजारची बेअरिंग उत्तरातून निघून जातात.

मग ज्याने खरोखरच अंक चुकवला त्याचं काय? 6204 ऐवजी घाईत 6024 टाइप झालं, असं धरू. अंकांची अदलाबदल दुरुस्त करून सरळ 6204 दाखवावं, असा मोह होतो. पण 6024 हेही खरं बेअरिंग आहे, 120 मिलिमीटर भोकाचं, साखर कारखान्यात किंवा कागदाच्या गिरणीत शोभेल असं दणकट. ते मागणारा माणूस वेडा नसतो. म्हणून आकड्याची दुरुस्ती कधीही गुपचूप करू नये. 6024 यादीत असेल तर तेच दाखवावं. नसेल तर तसं स्पष्ट सांगावं आणि खाली विचारावं, '6204 म्हणायचं होतं का?' निर्णय ग्राहकाचा.

टाइप करता करता खाली उघडणाऱ्या सूचनांची पट्टी हा या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. नीट रचली तर ती अर्धा शोध तिथल्या तिथे संपवते, आणि बहुतेक ठिकाणी तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. साधारणपणे या पट्टीत इतरांनी पूर्वी शोधलेले शब्द ओळीने दाखवतात. सुट्या भागांसाठी तेवढं पुरत नाही. जुन्या बेअरिंगवरचा शेवटचा अंक झिजून गेलाय, फक्त 620 एवढंच वाचता येतंय, अशी कल्पना करा. ग्राहक 620 टाइप करतो. नुसत्या आकड्यांची यादी आली, 6200, 6201, 6202, तर त्याला काहीच मदत नाही. प्रत्येक ओळीत माप लिहिलेलं असेल तर चित्र बदलतं:

```
6201   12 × 32 × 10
6202   15 × 35 × 11
6203   17 × 40 × 12
6204   20 × 47 × 14
6205   25 × 52 × 15
```

हातात व्हर्नियर असलेला मिस्त्री शाफ्ट मोजतो, 20 येतं, आणि त्याला पुढच्या पानावर जावंही लागत नाही. व्हर्नियर नसला तरी साध्या पट्टीने 32 आणि 47 यांतला फरक कळतोच.

सूचना लगेच यायला हव्यात हेही तितकंच महत्त्वाचं. एक दशांश सेकंदाच्या आत उत्तर आलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं, हा संगणक वापराच्या अभ्यासातला जुना आणि टिकलेला दंडक आहे. खेड्यातल्या नेटवर्कवर तो दर वेळी पाळता येत नाही. पण प्रत्येक अक्षरासरशी सर्व्हरला प्रश्न न पाठवता बोट क्षणभर थांबेपर्यंत वाट पाहणं आणि उत्तर मोजक्या ओळींचंच ठेवणं आपल्या हातात असतं. मोबाईलचा कीबोर्ड अर्धा पडदा व्यापतो. त्याच्या वर सहा-सात ओळींहून जास्त दिसत नाहीत, म्हणून त्या सहा-सात ओळींत काय ठेवायचं यावर भांडावं. आणखी एक नियम मी काटेकोर मानतो. जिच्यावर बोट ठेवल्यावर 'काही सापडलं नाही' असं येईल, अशी सूचना दाखवायचीच नाही. लोकांनी शोधलेल्या शब्दांवरून सूचना बनवल्या तर हे हमखास घडतं, कारण दुकानात नसलेल्या वस्तूही लोक शोधतच असतात.

सूचनांचं दुसरं काम म्हणजे माणसाच्या बोलण्यातला शब्द कंपनीच्या शब्दाला जोडणं. कंपनीच्या पुस्तकात स्टार्टर मोटर असते, गॅरेजमध्ये तिला सेल्फ म्हणतात. कंपनीचा शॉक ॲब्झॉर्बर इथे शॉकप होतो. पण ही जोडणी आंधळी करू नये. सेल्फ म्हणणाऱ्याला कधी अख्खी मोटर हवी असते, कधी सेल्फचा स्विच, कधी फक्त आतले कार्बन ब्रश. तेव्हा सेल्फ टाइप होताच हे तिन्ही पर्याय सूचनांत वेगवेगळे मांडावेत. मग एकाच अक्षराच्या दोन लिखाणांचीही काळजी घ्यावी लागते. ॲ हे अक्षर संगणकात एका चिन्हाने लिहिता येतं आणि अ वर चंद्र देऊन दोन चिन्हांनीही. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला नाही. ती एका रूपात आणली नाहीत तर मराठीतून शोधणारा ग्राहक विनाकारण रिकाम्या हाताने परत जातो.

आकडा पूर्णच झिजला असेल तर माणूस मापावरून शोधतो: 20x47x14, 20*47*14, किंवा नुसतं 20 47 14. तीन संख्या एकापाठोपाठ आल्या की हे माप आहे, हे सर्चला ओळखता आलं पाहिजे. त्या वेळी वस्तूंच्या नावांत न शोधता मापांच्या रकान्यांत शोधायचं. इथे एक पेच मोठा सुंदर आहे. 20 × 47 × 14 या मापाचं फक्त 6204 नसतं. 7204 तेवढंच असतं, पण त्याच्या गोळ्या तिरका दाब घेतात. NU204 तेवढंच, पण त्यात गोळ्यांऐवजी रूळ असतात. 1204 ही तेवढंच, आणि ते शाफ्ट जरा वाकडा असला तरी जुळवून घेतं. चौघंही त्याच घरात चपखल बसतात आणि कामं चार वेगवेगळी करतात. बसलं म्हणजे जमलं, असं समजणाऱ्याची मोटर पुन्हा उघडावी लागते. मापावरून शोधल्यावर उत्तराच्या वर पहिला प्रश्न यायला हवा तो प्रकाराचा, आणि शक्य तर प्रत्येक प्रकाराच्या छेदचित्रासह. जुनं बेअरिंग हातात असलेल्या माणसाला आत गोळ्या आहेत की रूळ हे पाहून सांगता येतं.

इथून फिल्टरचं काम सुरू होतं. एका वस्तूकडे अनेक स्वतंत्र अंगांनी पाहायचं आणि त्या अंगांच्या मेळातून तिची जागा ठरवायची, हा विचार ग्रंथालयशास्त्रात पक्का केला तो मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी. त्यांचं कोलन वर्गीकरण 1933 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधीच्या प्रमुख पद्धतींत प्रत्येक विषयाला झाडाच्या एका फांदीवर आधीच जागा नेमून दिलेली असे. रंगनाथन यांनी विषय त्याच्या अंगांत फोडला आणि गरजेप्रमाणे जोडायची सोय केली. खरेदीच्या संकेतस्थळांवर डावीकडे दिसणारे प्रकार, माप, कंपनी, किंमत हे रकाने त्याच विचाराच्या वाटेवरचे आहेत.

बेअरिंगची अंगं कोणती? प्रकार, भोक, बाहेरचा व्यास, जाडी, झाकण, मोकळीक आणि कंपनी. ऑइल सीलची वेगळी, पट्ट्याची आणखी वेगळी. म्हणून ग्राहकाने कोणत्या जातीची वस्तू हवी हे सांगेपर्यंत सगळे फिल्टर त्याच्या अंगावर फेकण्यात अर्थ नाही. आधी जात विचारावी, मग त्या जातीचे फिल्टर उघडावेत. भोकासाठी किंमतीसारखी सरकपट्टी देतात ती मला चूकच वाटते. भोकं सलग नसतात. 17 नंतर बहुतेकदा 20, मग 25, मग 30. पट्टी सरकवून मधल्याच एखाद्या आकड्यावर आणणाऱ्याला काय मिळणार? ठरलेल्या मापांची टिचकी मारता येईल अशी यादी द्यावी, आणि यादी लांबलचक असेल तर वर आकडा टाइप करायची सोय.

मोजमापाला थोडी सूट मात्र हवी. घासलेला शाफ्ट 19.95 भरतो आणि ग्राहक तेच टाइप करतो, तेव्हा 20 चं भोक दाखवायला हवं. पण ही सूट मिलिमीटरची दोन-तीन दशांश, त्याहून जास्त नाही. कारण 19.05 हेही खरं माप आहे, पाऊण इंच. थ्रेशरसारख्या यंत्रांवर बसवतात त्या UC204 बेअरिंगचं भोक 20 मिलिमीटर असतं आणि UC204-12 चं पाऊण इंच. बाहेरून दोन्ही एकाच घरात बसतात. शेवटचा -12 सर्चमध्ये हरवला तर शेतकऱ्याच्या हाती एक मिलिमीटरने चुकलेला माल येतो.

फिल्टरमध्ये टिचक्या मारल्यावर काय होतं याचा एक नियम सर्वसामान्य ग्राहकाला न सांगताच कळलेला असतो आणि प्रोग्रॅम लिहिणारे मात्र कधीकधी चुकतात. एकाच अंगात दोन टिचक्या म्हणजे 'हे किंवा ते', वेगवेगळ्या अंगांत टिचक्या म्हणजे 'हे आणि ते'. एनबीसी किंवा एसकेएफ, आणि भोक 20. आता प्रत्येक पर्यायापुढे कंसात जी संख्या दाखवतात ती मोजताना त्याच अंगातली टिचकी सोडून द्यायची असते. नाहीतर एनबीसीवर टिचकी मारताच बाकी सगळ्या कंपन्यांपुढे शून्य येतं. दुसऱ्या कंपन्यांचं 6204 दुकानात आहे हे ग्राहकाला मग दिसतच नाही. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे: एका कंपनीवर टिचकी मारा आणि तिच्या शेजारची नावं गायब होतात का ते पाहा.

याहून गंभीर चूक पडद्यावर दिसतच नाही. समजा 6204 च्या बारा वस्तू आहेत आणि त्यांतल्या पाचांच्या नोंदीत मोकळीकीचा रकाना रिकामा आहे. ग्राहक C3 वर टिचकी मारतो आणि त्या पाच निघून जातात. त्यांपैकी दोन प्रत्यक्षात C3 असतील, पण पुरवठादाराने तक्त्यात ते लिहिलंच नव्हतं. गोदामात माल आहे, ग्राहकाला तोच हवा आहे, आणि दोघांची भेट होत नाही. बेअरिंगच्या बाबतीत हे आणखी गुंतागुंतीचं होतं, कारण कंपनीच्या पद्धतीनुसार मोकळीकीची खूण नसणं याचा अर्थ 'नेहमीची मोकळीक' असाच असतो. म्हणजे रिकाम्या रकान्याचे दोन अर्थ झाले: खरोखर नेहमीची, किंवा कोणी भरलीच नाही. हे दोन वेगळे ठेवल्याशिवाय फिल्टरवर विश्वास ठेवता येत नाही. कंपनीच्या मूळ पुस्तकातून पडताळलेली नोंद असेल तर 'नेहमीची' लिहावं, नाहीतर 'नोंद नाही' हा पर्याय फिल्टरमध्ये उघडपणे दाखवावा. कटलॉग नीट करायला मनुष्यबळ कमी असेल, तर ते सगळं या रिकाम्या रकान्यांवर लावावं असं माझं ठाम मत आहे. सर्चचं महागडं साधन विकत घेऊन न लिहिलेली गोष्ट सापडत नाही.

कंपन्यांच्या खुणा जुळवणं हे त्याच कामाचं पुढचं पाऊल. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या झाकणाला एसकेएफ 2Z म्हणते, एनएसके आणि एनटीएन ZZ. रबरी सीलसाठी एनएसकेची खूण DDU, एनटीएनची LLU. ग्राहक 6204 ZZ शोधतो तेव्हा 6204-2Z गाळलं जाऊ नये. झाकण या अंगात आपला एकच शब्द ठरवावा, प्रत्येक कंपनीची खूण त्याला जोडावी आणि पानावर मात्र कंपनीने छापलेला आकडा जसाच्या तसा दाखवावा, कारण पार्सल उघडल्यावर ग्राहक तोच ताडून पाहतो. उत्तरांचा क्रमही यावरून ठरतो. तंतोतंत आकडा सर्वांत वर, मग दुसऱ्या कंपन्यांचे समतुल्य, 'समतुल्य' असं लिहूनच. जास्त खपणारी वस्तू वर आणायची सवय इथे शेवटी वापरावी, दोन अगदी सारख्या वस्तूंत निवड करायची असेल तेव्हा. नाहीतर भरपूर खपणारं 6205 एखाद दिवशी 6204 च्या डोक्यावर जाऊन बसतं.

गाड्यांच्या भागांत आकड्याची जागा गाडीचं नाव घेतं. स्प्लेंडर 1994 पासून रस्त्यावर आहे. मधल्या काळात तिचे प्रकार झाले, हिरो आणि होंडा वेगळे झाले, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम लागू होताना कार्बोरेटरच्या जागी इंधन फवारणारी यंत्रणा आली. तेव्हा 'स्प्लेंडर कार्बोरेटर' असं शोधणाऱ्याला आधी गाडीचा प्रकार आणि उत्पादनाचं वर्ष विचारायला हवं. वर्ष आरसी बुकात असतं. ते एकदा सांगितलं की संकेतस्थळाने लक्षात ठेवावं आणि पडद्यावर सतत दिसेल असं ठेवावं. गॅरेजवाल्याच्या हाताखाली दिवसभरात अनेक गाड्या येतात. कालच्या गाडीचा फिल्टर लागूनच राहिला, तर आजचं उत्तर चुकतं आणि का चुकलं ते त्याला समजत नाही.

सर्च चांगला चाललाय की नाही हे कसं ओळखायचं? बहुतेक ठिकाणी 'काही सापडलं नाही' अशा प्रश्नांची यादी दर आठवड्याला काढतात. ती काढावीच. लोकांचे शब्द, नवे मॉडेल, न भरलेले रकाने सगळे तिच्यात दिसतात. पण 6204 ला उत्तर म्हणून 6205 मिळालं, तर तो प्रश्न या यादीत कधीच येणार नाही, कारण काहीतरी सापडलेलं असतं. त्यासाठी तीन ठिकाणी पाहावं लागतं. एकाच माणसाने मिनिटभरात तोच प्रश्न थोडा बदलून पुन्हा विचारला का, त्याने पहिली काही उत्तरं ओलांडून खालचं उघडलं का, आणि 'चुकीचा भाग' या कारणाने परत आलेला माल मुळात कोणता शब्द टाइप करून शोधला होता. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी असते, आणि तीच सहसा पाहिली जात नाही, कारण परतीचा हिशेब गोदामात राहतो आणि सर्चची नोंद संगणक विभागात.

याच्या जोडीला खऱ्या ग्राहकांचे शे-दोनशे प्रश्न निवडून प्रत्येकाचं बरोबर उत्तर जाणकाराकडून लिहून घ्यावं. सेटिंग बदलली की सगळे प्रश्न पुन्हा चालवून पाहावेत. बेरिंग या चुकीच्या शब्दाला जास्त माफी देताना 6204 च्या रांगेत कोण नवं येऊन उभं राहिलं, हे त्याशिवाय कळत नाही. या यादीत 6024 आणि UC204-12 हे दोन प्रश्न जरूर ठेवावेत.

आणि शोधणाऱ्यांसाठी एक सांगणं. बेअरिंग काढल्यावर त्याच्या कडेवरचं सगळं लिहून घ्या, आकड्यानंतरची अक्षरंही, विशेषतः C3 असेल तर ते. जुनं बेअरिंग फेकण्याआधी भोक, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून ठेवा. मागणी नोंदवण्याआधी पानावर लिहिलेलं माप त्याच्याशी ताडून पाहा, आणि जिथे माप लिहिलेलंच नाही तिथून बेअरिंग मागवू नका.